हरवलेल्या ताळेबंदाचा माग

अकाउंट्सच्या प्रश्नसंचाची झेरॉक्स हातोहात फिरते तेव्हा सगळ्यात आधी गळतो तो ताळेबंदाचा तक्ता. ‘वरील ताळेबंदावरून करंट रेशो आणि क्विक रेशो काढा’ हे वाक्य राहते, त्याखालचे उपप्रश्न राहतात, कधीकधी शेवटच्या पानावरची उत्तरेही राहतात; पण ‘वरील’ जे काही होते ते मात्र नाहीसे झालेले असते. विद्यार्थी असा प्रश्न सोडून देतात. बँकेत कर्जाची फाइल पाहणाऱ्या माणसाला तसे करता येत नाही, कारण जुन्या फाइलमध्ये अनेकदा नेमके हेच सापडते: कोणीतरी कधीतरी काढून ठेवलेले दोन रेशो, आणि ज्यावरून ते काढले तो कागद गायब. मग या दोन आकड्यांवरून उलट चालत मूळ रकमांपर्यंत पोहोचता येते का?

येते, पण एका अटीवर. रेशोला आकारमान नसते. करंट रेशो म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी. वर्षभरात रोख होणारे सगळे एका बाजूला आणि वर्षभरात चुकते करायचे सगळे दुसऱ्या बाजूला. दीडचा रेशो पानपट्टीच्या गाडीचा असू शकतो आणि पोलाद कारखान्याचाही. म्हणून रेशोंच्या जोडीला रुपयातली निदान एक रक्कम हाती लागल्याशिवाय हिशेब सुरूच होत नाही. ही एक रक्कम कोणती आणि ती कुठून आली, यावरच पुढचे सगळे अवलंबून असते.

बेंगळुरूच्या वायव्येला पीण्या औद्योगिक वसाहत आहे. तिथे लेथ, मिलिंग आणि सीएनसी यंत्रांवर सुटे भाग करून देणारे छोटे कारखाने गल्लोगल्ली आहेत. त्यांतला एक आपण कल्पनेने घेऊ. त्याचा ताळेबंद हरवला आहे. उरलेल्या चिठोऱ्यावर करंट रेशो १.५ आणि क्विक रेशो ०.९ असे लिहिलेले आहे. हा कारखाना बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘सीसी’वर चालतो, त्यामुळे मालक दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो. मार्चअखेरच्या स्टेटमेंटची प्रत सापडली. त्यात पोलादाचे बार, यंत्रावर अर्धवट असलेली कामे आणि तयार भाग मिळून शिल्लक माल २४ लाखांचा दाखवला आहे.

आता क्विक रेशोकडे पाहा. तो चालू मालमत्तेतून माल वजा करून काढतात, कारण माल आधी विकावा लागतो, मग गिऱ्हाइकाकडून पैसे यावे लागतात आणि मगच देणे फिटते. म्हणजे दोन रेशोंमधला फरक हा पूर्णपणे मालामुळे पडलेला आहे. दीड वजा ०.९ म्हणजे ०.६. चालू देण्यांच्या ०.६ पट माल आहे, आणि माल २४ लाखांचा आहे. २४ ला ०.६ ने भागले की चालू देणी ४० लाख निघतात. त्यांच्या दीडपट, म्हणजे ६० लाख, ही चालू मालमत्ता. माल वजा जाता ३६ लाखांची रोकड, बँकशिल्लक आणि गिऱ्हाइकांकडची येणी. ३६ भागिले ४० बरोबर ०.९, पडताळा जमला. ताळेबंदाच्या चालू भागाची बाह्यरेषा परत मिळाली.

परीक्षेत इथे पाच गुण मिळतात. फाइल पाहणाऱ्याला मात्र अजून विचार करावा लागतो, कारण चिठोऱ्यावरचे आकडे एका दशांश स्थळापर्यंतच लिहिलेले आहेत. १.५ म्हणून लिहिलेला रेशो प्रत्यक्षात १.४५ पासून १.५५ पर्यंत काहीही असू शकतो, आणि ०.९ हा ०.८५ पासून ०.९५ पर्यंत. मग फरक ०.६ नसून ०.५ ते ०.७ यांच्यामध्ये कुठेतरी आहे. २४ लाखांना ०.५ ने भागले तर देणी ४८ लाख येतात आणि ०.७ ने भागले तर सव्वाचौतीस लाखांच्या आसपास. दोन टोकांमध्ये १४ लाखांची तफावत, आणि कोणीही काही चुकीचे लिहिलेले नाही. रेशो १.५० आणि ०.९० असे दोन स्थळांपर्यंत लिहिले असते तर हीच तफावत दीड लाखाच्या आत राहिली असती. वजाबाकीची ही खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे: जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की पूर्णांकनातली बारीक चूक फुगते. दोन रेशो जितके जवळ, तितका उलटा हिशेब डळमळीत.

बेंगळुरूत ही अडचण टोकाला जाते. या शहराचे नाव ज्या सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे झाले त्यांच्याकडे गोदामच नसते. १९८१ मध्ये पुण्यात सुरू होऊन १९८३ मध्ये बेंगळुरूला आलेली इन्फोसिस सेवा विकते. तिच्या धंद्यात मालाच्या साठ्याला जवळजवळ स्थान नाही. अशा कंपनीचा करंट रेशो आणि क्विक रेशो एकच येतो, फरक शून्य होतो आणि पीण्याच्या कारखान्याला लावलेली किल्ली इथे फिरतच नाही. मग दुसरी किल्ली लागते: खेळते भांडवल. चालू मालमत्तेतून चालू देणी वजा केली की जी रक्कम उरते ती माहीत असेल, तर तिला ‘करंट रेशो वजा एक’ने भागायचे. आपल्या कारखान्याचे खेळते भांडवल २० लाख; २० भागिले ०.५ म्हणजे पुन्हा ४० लाख. पण रेशो एकच्या आसपास असला की हीही किल्ली निकामी होते, कारण मग भाजक शून्याकडे जातो. आणि ज्या कंपनीबद्दल काळजी वाटते तिचा रेशो बहुतेक वेळा एकच्याच आसपास असतो.

दुसरा घोटाळा व्याख्येचा. आगाऊ भरलेला विमा किंवा भाडे चालू मालमत्तेत धरतात, पण त्यातून कोणाचे देणे फिटत नाही, म्हणून क्विक रेशो काढताना तेही मालाबरोबर बाजूला काढण्याची पद्धत आहे. सगळेच तसे करत नाहीत. आपल्या कारखान्याने २ लाखांचा विमा आगाऊ भरलेला असेल आणि चिठोरे लिहिणाऱ्याने तो वगळला असेल, तर ०.६ चा फरक २४ लाखांमुळे नव्हे तर २६ लाखांमुळे पडला आहे, आणि देणी ४० ऐवजी ४३ लाखांच्या वर जातात. कंपनी कायद्याच्या अनुसूची तीनमध्ये मार्च २०२१ च्या दुरुस्तीने ११ रेशो जाहीर करणे बंधनकारक झाले, आणि एखादा रेशो मागच्या वर्षीपेक्षा २५ टक्क्यांहून अधिक हलला तर त्याचे कारणही द्यावे लागते. त्या यादीत करंट रेशो पहिला आहे; क्विक रेशो नाहीच. त्यामुळे कंपनीच्या वार्षिक अहवालाबाहेर कुठेही क्विक रेशो दिसला, तर तो कोणी आणि काय वगळून काढला हे विचारल्याशिवाय त्यावरून उलटे चालू नये.

ताळेबंद हरवलेल्या प्रश्नांचा पुढचा उपप्रश्न हमखास असा असतो: ‘धनकोंना १० लाख दिले, तर रेशोंवर काय परिणाम होईल?’ माझ्या मते या विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे. १० लाख दिल्यावर मालमत्ता ६० वरून ५० लाख होते आणि देणी ४० वरून ३० लाख. करंट रेशो १.५ वरून १.६७ होतो. क्विक रेशोच्या वरच्या बाजूला मात्र ३६ चे २६ लाख होतात, आणि २६ भागिले ३० म्हणजे ०.८७. एकाच चेकने एक रेशो वर गेला आणि दुसरा खाली आला! कारण साधे आहे. अंश आणि छेद दोन्हींतून सारखीच रक्कम वजा केली की एकाहून मोठा अपूर्णांक आणखी मोठा होतो आणि एकाहून लहान असलेला आणखी लहान. कारखान्याकडे मालासकट पाहिले तर देण्यांपेक्षा मालमत्ता जास्त आहे, माल सोडून पाहिले तर कमी आहे. म्हणून दोन रेशो उलट दिशांना गेले.

पण हे उत्तर चेक कोणत्या खात्यावरचा आहे यावर ठरते, आणि पाठ्यपुस्तके हे क्वचितच विचारतात. चालू खात्यात शिल्लक असेल आणि त्यातून चेक गेला असेल, तर वरचे उत्तर बरोबर. पीण्याचा मालक मात्र बहुधा सीसी खात्यावरचा चेक देतो. सीसी हे बँकेचे मागताक्षणी फेडायचे कर्ज आहे, म्हणजे तेही चालू देणेच. धनकोंचे १० लाख कमी झाले, बँकेचे १० लाख वाढले. मालमत्ता ६० ची ६०, देणी ४० ची ४०, दोन्ही रेशो होते तिथेच. एकाच व्यवहाराची दोन उत्तरे येतात, आणि खरे कोणते हे रेशोंवरून कळत नाही, बँकेच्या पासबुकावरून कळते.

चालू खात्यातून पैसे देऊन रेशो सुधारण्याची ही युक्ती ३१ मार्चच्या आसपास वापरली जाते. भारतीय बँकांमध्ये १.३३ हा आकडा अनेकांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या प्रकाश टंडन यांच्या समितीने १९७५ मध्ये सुचवलेल्या दुसऱ्या पद्धतीत चालू मालमत्तेच्या २५ टक्के रक्कम कर्जदाराने दीर्घ मुदतीच्या पैशातून आणायची होती. १०० ची मालमत्ता, ७५ ची देणी, म्हणून १.३३. पुढे ही बंधने सैल झाली, आकडा टिकला. आता ६० लाखांची चालू मालमत्ता आणि ५० लाखांची देणी असलेला, म्हणजे १.२ वर अडकलेला कारखाना घ्या. गिऱ्हाइकांकडून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वसुली करून त्याने २० लाखांची देणी फेडली, की ४० भागिले ३०, बरोबर १.३३. एप्रिलमध्ये पुन्हा उधारीवर माल उचलला की चित्र पूर्ववत. हे ओळखता येते. त्याच दिवशी क्विक रेशो बहुधा घसरलेला असतो, आणि मार्चचे स्टॉक स्टेटमेंट फेब्रुवारी व एप्रिलच्या शेजारी ठेवले की धनकोंचा आकडा एकाच महिन्यात खोल गेलेला दिसतो. कंपनी असेल तर बँकेला दिलेली तिमाही विवरणे वहीशी जुळतात की नाही हेही आता अनुसूची तीननुसार जाहीर करावे लागते.

आतापर्यंत आपण गृहीत धरले की ताळेबंद कधीतरी होता आणि नंतर हरवला. बेंगळुरूतच अशी एक मोठी कंपनी होऊन गेली जिचा ताळेबंद वेळेवर अस्तित्वातच आला नाही. थिंक अँड लर्न प्रायव्हेट लिमिटेड, म्हणजेच शिकवणी देणारी बायजूज. ३१ मार्च २०२१ रोजी संपलेल्या वर्षाचे तिचे आकडे सप्टेंबर २०२२ मध्ये, जवळजवळ दीड वर्षाने बाहेर आले. त्यात साडेचार हजार कोटींहून अधिक तोटा होता. पुढच्या वर्षाचे हिशेब येईनात म्हणून जून २०२३ मध्ये डेलॉइटने लेखापरीक्षक म्हणून राजीनामा दिला. मार्च २०२२ अखेरचे आकडे जानेवारी २०२४ मध्ये आले. दरम्यान, २०२२ मध्ये गुंतवणूकदारांनी कंपनीचे मूल्य २२ अब्ज डॉलर धरले होते. मूल्यांकन जगजाहीर होते. वर्षभरात किती देणे आहे आणि ते कशातून फिटणार, हे बाहेरच्या कोणालाही कळायला मार्ग नव्हता.

या विलंबामागचा एक वाद थेट आपल्या रेशोंना भिडतो. शिकवणीचे शुल्क एकदम घेतले तर ते उत्पन्न कधी धरायचे? समजा, पालकाने २४ महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे २४,००० रुपये १ जानेवारीला भरले. ३१ मार्चपर्यंत तीन महिने शिकवून झाले, म्हणजे उत्पन्न फक्त ३,०००. राहिलेले २१,००० हे कंपनीचे पालकाला देणे आहे, शिकवण्याच्या रूपात. त्यांतले पुढच्या १२ महिन्यांचे १२,००० चालू देण्यांत जातात आणि ९,००० दीर्घ मुदतीच्या देण्यांत. सगळे २४,००० जानेवारीतच उत्पन्न धरले तर ही १२,००० ची चालू देणी वहीत उमटतच नाहीत आणि करंट रेशो सुंदर दिसतो. बायजूजच्या मार्च २०२१ च्या हिशेबात उत्पन्न धरण्याची पद्धत बदलली आणि त्या वर्षाच्या उत्पन्नाचा बराच भाग पुढच्या वर्षांत ढकलला गेला. याचा अर्थ, कोणाकडे आधीच्या पद्धतीने काढलेला जुना रेशो असता आणि त्यावरून तो उलटा चालला असता, तर वाटेत सगळे गणित बरोबर करूनही तो चुकीच्या देण्यांपाशी पोहोचला असता.

दुसरी गोष्ट कर्जाची. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने अमेरिकेतील आपल्या उपकंपनीमार्फत १.२ अब्ज डॉलरचे मुदत कर्ज उभारले. मुदत कर्ज साधारणपणे चालू देण्यांत येत नाही. येत्या वर्षातला हप्ता तेवढा येतो. पण अशा कर्जांना अटी जोडलेल्या असतात, आणि ठरावीक तारखेला हिशेब देणे ही त्यांतली नेहमीची अट. वर्षअखेरीपर्यंत अट मोडून कर्ज देणाऱ्याला पूर्ण रक्कम मागण्याचा हक्क मिळाला असेल, तर भारतीय लेखामानक १ प्रमाणे सगळे कर्ज चालू देण्यांत घ्यावे लागते; तेव्हाच्या नियमाप्रमाणे हिशेब मंजूर होण्याआधी कर्ज देणाऱ्याने मागणी न करण्याचे कबूल केले तरच सुटका होती. एक पैसाही हातून न जाता करंट रेशो एका रात्रीत कोसळू शकतो. मार्च २०२३ मध्ये कर्ज देणाऱ्यांनी अटभंग झाल्याचे सांगून पूर्ण कर्ज मागितले. कंपनीने त्याला विरोध केला, प्रकरण अमेरिकेत डेलावेअरच्या न्यायालयात गेले, आणि तिथे निकाल कर्ज देणाऱ्यांच्या बाजूने लागला.

आणि तरीही कंपनीला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नेले ते या कर्जाने नव्हे. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरच्या प्रायोजकत्वाचे १५८.९ कोटी रुपये येणे असल्याचा अर्ज बीसीसीआयने केला, आणि १६ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठाने तो दाखल करून घेतला. ऑगस्टमध्ये अपील न्यायाधिकरणाने तडजोड मान्य करून प्रक्रिया थांबवली, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि २३ ऑक्टोबर २०२४ रोजी अपील न्यायाधिकरणाचा आदेश रद्द केला. या सगळ्यात करंट रेशो किती होता हे कायद्याने कुठेच विचारलेले नाही. दिवाळखोरी संहितेला हवे असते ते एवढेच: देणे खरे आहे का, त्याची तारीख उलटली का, ते फिटले का, आणि ते किमान १ कोटीचे आहे का. ही मर्यादा मार्च २०२० पर्यंत १ लाख होती.

अर्ज दाखल झाल्यावर जे होते तो हरवलेल्या ताळेबंदाचा सगळ्यात मोठा उलटा हिशेब आहे. न्यायाधिकरण अंतरिम व्यावसायिक नेमते. कंपनीची मालमत्ता, व्यवहार आणि हिशेब यांची माहिती गोळा करणे संहितेच्या कलम १८ नुसार त्याचे काम असते. वह्या अपुऱ्या असल्या तरी तो थांबत नाही. तो जाहीर नोटीस देतो आणि ज्याचे ज्याचे येणे आहे त्याला पुराव्यानिशी दावा सांगायला बोलावतो: माल आणि सेवा पुरवणाऱ्यांना एका नमुन्यात, बँका आणि कर्ज देणाऱ्यांना दुसऱ्यात, पगार थकलेल्या कर्मचाऱ्यांना तिसऱ्यात. बिले, करार, बँकेच्या नोंदी, पगाराच्या पावत्या येऊ लागतात, आणि एकेक दावा तपासून देण्यांची बाजू ओळीओळीने पुन्हा लिहिली जाते. कंपनीने लिहिलेली नव्हे, तिला उधार देणाऱ्यांनी लिहिलेली. मालमत्तेच्या बाजूसाठी अशी सोय नसते, कारण येणे आहे हे सांगायला माणसे रांग लावतात, देणे आहे हे सांगायला कोणी स्वतःहून येत नाही. तिथे पासबुके, जीएसटीची विवरणे आणि गिऱ्हाइकांची खातीच चाळावी लागतात.